बांध सरकला की क्षेत्र कमी भरलं? हद्द कायम मोजणीचा अर्ज करण्याआधी

ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीत बांध एका रात्रीत सरकत नाही. दर पावसाळ्याआधी बांध दुरुस्त होतो तेव्हा एका बाजूची माती फावड्याने तासली जाते आणि दुसऱ्या बाजूला थापली जाते. खेकडे पोखरतात तिथे बांध बसतो, आणि उतारावरच्या खाचरात तो हळूहळू खालच्या अंगाला कलतो. पॉवर टिलर वळवताना कोपरा कोरला जातो तो वेगळाच. दहा-पंधरा वर्षांत असा बांध दीड-दोन मीटर कधी हलला हे दोन्ही बाजूंच्या घरांना सांगता येत नाही. मग कळव्यात किंवा ऐरोलीत राहणारा मुलगा सुट्टीत गावी जातो, टेप धरतो, सातबाऱ्यावरचं क्षेत्र भरत नाही असं त्याच्या लक्षात येतं आणि ‘शेजाऱ्याने बांध कोरला’ या वाक्यापासून भांडण सुरू होतं.

हे भांडण मिटवण्यासाठी जी सरकारी मोजणी मागवायची तिचं नाव ‘हद्द कायम मोजणी’. अभिलेखात, म्हणजे सरकारी नकाशात आणि टिपणात, आपल्या आणि शेजाऱ्याच्या जमिनीमध्ये जी रेषा आहे ती प्रत्यक्ष शेतात कुठे पडते हे दाखवून देणं एवढंच या मोजणीचं काम आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र ती भरून देत नाही आणि शेजाऱ्याच्या ताब्यातली जमीन काढूनही देत नाही. या दोन अपेक्षा मनात ठेवून अर्ज केला की पैसे भरून, तीन महिने थांबून, मोजणी होऊनही माणूस नाराज परततो. म्हणून आधी एक उदाहरण आकड्यांसह पाहू.

समजा, शहापूर तालुक्यातल्या एका गावात सर्व्हे नंबर 62 आहे. त्यातला हिस्सा 3 तुमचा आणि त्याला लागून उत्तरेचा हिस्सा 4 शेजाऱ्यांचा. पूर्वेला रस्ता आहे. तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र 0.27.50, म्हणजे साडेसत्तावीस आर. तुम्ही टेप लावलात तर साडेपंचवीस आरच भरले. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, त्यामुळे गावात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात. तुमचं म्हणणं असं की शेजाऱ्याने दोन गुंठे खाल्ले. खरंच खाल्ले का, आणि किती, हे कागद काढल्यावरच कळेल.

कागद कुठे आहेत

इथे पहिली चूक होते ती कार्यालय निवडण्यात. बांधाचं भांडण म्हटलं की लोक तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) जातात आणि तिथून तहसीलदारांकडे. सातबारा तलाठ्याकडे असतो हे खरं, पण सातबारा जमीन कोणाची आणि किती एवढंच सांगतो. तिची आकृती त्यावर नसते. आकृती, लांबी-रुंदी, हद्दीच्या खुणा हे सगळं भूमी अभिलेख विभागाकडे असतं आणि मोजणीही तोच विभाग करतो. जमीन ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचं ‘उप अधीक्षक, भूमी अभिलेख’ हे कार्यालय आपलं. तुम्ही ठाण्यात राहत असाल आणि जमीन शहापूरला असेल तर प्रकरण शहापूरच्या कार्यालयात चालणार.

या कार्यालयातून दोन-तीन नकला अर्जाच्या आधीच काढाव्यात. सर्व्हे नंबरचं टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी शेताच्या बाजू आणि आतली मापं लिहिलेली आकृती. त्या सर्व्हे नंबरचे हिस्से पाडले तेव्हा प्रत्येक हिस्स्याची जी आकृती तयार झाली ती फाळणी, किंवा बोलीभाषेत ‘फाळणी बारा’. आणि त्या मापांवरून क्षेत्राचा हिशेब जिथे मांडला आहे ते गुणाकार बुक. बरेच जुने अभिलेख स्कॅन झाले असून aapleabhilekh.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे मिळाले नाहीत तर कार्यालयात नकलेचा अर्ज द्यावा लागतो.

यातली फाळणी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच पुष्कळदा नसते. वडिलांच्या पश्चात तीन भावांत वाटणी झाली, फेरफार पडला, सातबारा 62/3/1, 62/3/2 असे वेगळे झाले, पण जमीन मोजून त्या वाटणीचा नकाशा कधी तयारच झाला नाही, अशी उदाहरणं प्रत्येक गावात सापडतात. कागदावर हिस्सा आहे, अभिलेखात त्याची रेषा नाही. जी रेषा काढलेलीच नाही ती मोजणीदार शेतात कुठून दाखवणार? अशा वेळी हद्द कायम मोजणीचा अर्ज उपयोगाचा नाही. तिथे सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते. आपला हिस्सा कोणत्या प्रकारात मोडतो हे ओळखायला सोपा उपाय म्हणजे फाळणीची नक्कल मागणं. mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर आपला हिस्सा वेगळा दिसत नसेल आणि फक्त मोठा 62 नंबर दिसत असेल, तर फाळणी नसण्याची शक्यता धरून चालावं. पण त्या ऑनलाइन नकाशावर पट्टी ठेवून किंवा मोबाईलमधल्या जीपीएसने हद्द काढायला जाऊ नये. फोनची चूक काही मीटरची असते आणि आपला वाद दोन-अडीच मीटरचा आहे.

टिपण कसं वाचायचं

आपल्या उदाहरणात फाळणी आहे. तिच्यावर हिस्सा 3 ची मापं मीटरमध्ये किंवा फुटात नसतात, साखळी आणि आण्यांत असतात. हे पाहून बरेच जण कागद बाजूला ठेवतात, पण हिशेब अगदी सोपा आहे. एक साखळी म्हणजे 33 फूट आणि एका साखळीचे 16 आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. आणि 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. त्यामुळे साखळीला साखळीने गुणलं की उत्तर थेट गुंठ्यांत येतं.

आपल्या फाळणीवर हिस्सा 3 ची पूर्व-पश्चिम लांबी 6 साखळी 8 आणे आहे, म्हणजे साडेसहा साखळी, सुमारे 65.4 मीटर. पश्चिमेची रुंदी 4 साखळी 4 आणे, म्हणजे सव्वाचार साखळी, सुमारे 42.75 मीटर. पूर्वेची रुंदी 4 साखळी 2 आणे, सुमारे 41.5 मीटर. दोन रुंदींची सरासरी काढून लांबीने गुणलं तर 27.2 गुंठे येतात, म्हणजेच साडेसत्तावीस आर. सातबारा आणि फाळणी एकमेकांशी जुळतात. ही जुळणी अर्जाआधी घरी बसून करावीच, कारण काही ठिकाणी सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि फाळणीच्या आकृतीचं क्षेत्र यांतच फरक असतो. तसा फरक असेल तर शेजाऱ्याने इंचभर जमीन घेतली नसतानाही आपल्याला क्षेत्र कमी भरतं. ती अभिलेखातली चूक आहे. तिच्या दुरुस्तीचा मार्ग वेगळा आहे आणि हद्द कायम मोजणीने ती सुटत नाही.

आता शेतात काय दिसतं ते पाहू. दक्षिण-पश्चिम कोपऱ्यावर सर्व्हे नंबरचा जुना दगड अजून जागेवर आहे. तिथून उत्तरेकडे बांधापर्यंत फाळणीप्रमाणे 42.75 मीटर यायला हवेत, टेप 40.35 मीटर दाखवतो. म्हणजे पश्चिमेच्या टोकाला बांध 2.4 मीटर तुमच्या बाजूला आला आहे. पूर्वेच्या टोकाला मात्र तो बरोबर जागेवर आहे. मग शेजाऱ्यांकडे गेलेला तुकडा हा एक लांब, निमुळता त्रिकोण झाला: 65.4 मीटर लांब आणि रुंद बाजूला 2.4 मीटर. त्याचं क्षेत्र साधारण 78 चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या थोडं वर.

पण तुमचे तर दोन गुंठे कमी भरतात. उरलेले सव्वा गुंठे कुठे गेले? ते पूर्वेला रस्त्यात गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा शेताची 3 मीटर पट्टी त्यात गेली. 41.5 मीटर रुंदीवर 3 मीटर म्हणजे जवळपास 125 चौरस मीटर. दोन्ही तुकडे मिळून दोन गुंठ्यांचा हिशेब पूर्ण होतो. शेजाऱ्यावर मात्र दोन्हींचा आळ आला होता. ठाणे जिल्ह्यात रस्ते, जलवाहिन्या, विजेचे मनोरे यांत जमिनी गेलेल्या असताना ही शक्यता फार मोठी आहे, म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या चारही बाजू तपासाव्यात.

हा घरचा हिशेब पुरावा म्हणून चालत नाही. चढ-उतारावर टेप जमिनीला टेकवून धरला तर अंतर जास्त येतं, कारण नकाशातलं माप आडव्या पातळीतलं असतं. शिवाय जुना दगड खरोखर मूळ जागी आहे का, हेही तुम्हाला ठरवता येत नाही. पण या हिशेबाने अर्जात काय मागायचं हे स्पष्ट होतं, आणि मोजणीच्या दिवशी समोर काय चाललं आहे ते समजतं.

अर्ज

मोजणीचा अर्ज आता ई-मोजणी प्रणालीत ऑनलाइन भरला जातो. स्वतः भरता येतो किंवा कार्यालयात जाऊन मदत घेता येते. सोबत अलीकडचा, म्हणजे तीन महिन्यांच्या आतला सातबारा, ओळखपत्र, जमिनीचा कच्चा नकाशा आणि चतुःसीमा लागते. सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सर्वांच्या सह्या किंवा संमतीपत्र जोडावं. एकाच्याच सहीने दिलेला अर्ज अडकतो आणि तो अडकल्याचं पुष्कळदा उशिरा कळतं.

मोजणीचे दर 1 डिसेंबर 2024 पासून बदलले आणि साधी, तातडी, अति तातडी हे जुने प्रकार जाऊन नियमित आणि द्रुतगती हे दोनच राहिले. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या एका नंबराला नियमित मोजणीसाठी 2,000 रुपये आणि द्रुतगतीसाठी 8,000 रुपये असा तेव्हा ठरलेला दर. नियमित मोजणीला 90 दिवस आणि द्रुतगतीला 30 दिवस ही मुदत. महापालिका-नगरपालिका हद्दीत दर जास्त आहेत. भरायची नेमकी रक्कम प्रणालीच काढून चलनावर देते, तीच भरावी.

विषय आणि मागणी लिहिताना मोजकं आणि नेमकं लिहावं. आपल्या उदाहरणातल्या शेतासाठी मजकूर असा:

प्रति, मा. उप अधीक्षक, भूमी अभिलेख, शहापूर.
विषय: मौजे (गावाचे नाव), ता. शहापूर, जि. ठाणे येथील सर्व्हे नं. 62 हिस्सा नं. 3, क्षेत्र 0.27.50 हे. आर. या जमिनीची हद्द कायम मोजणी होऊन हद्दीच्या खुणा दाखवून मिळणेबाबत.
महोदय, वरील जमीन माझ्या व माझ्या सहधारकांच्या नावे व वहिवाटीस आहे. सदर जमिनीची उत्तरेकडील, हिस्सा नं. 4 लगतची हद्द जागेवर स्पष्ट नसल्याने वाद निर्माण झाला आहे. पूर्वेकडील हद्द रस्त्यालगत असून तीही निश्चित होणे आवश्यक आहे. तरी मूळ टिपण व फाळणी नकाशाप्रमाणे चारही बाजूंच्या हद्दी कायम करून, प्रत्यक्ष वहिवाट व अभिलेखाची हद्द यांतील फरक मोजणी नकाशावर दाखवून मिळावा, ही विनंती.

‘शेजाऱ्याने केलेले अतिक्रमण काढून मिळावे’ असं यात कुठेही लिहिलेलं नाही, कारण तो अधिकार मोजणी कार्यालयाचा नाही आणि त्या वाक्याने शेजारी पहिल्याच नोटिशीला बिथरतो. शेवटचं वाक्य मात्र जरूर लिहावं. वहिवाट कुठे आहे आणि हद्द कुठे आहे हे दोन्ही एकाच नकाशावर दिसलं तरच पुढे त्या कागदाचा उपयोग होतो.

चतुःसीमेवर मात्र जास्त वेळ घालवावा. आपल्या जमिनीला ज्या ज्या नंबरांची हद्द लागते त्या प्रत्येकाचा ताजा सातबारा काढून, त्यावर आज ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची नावं आणि राहते पत्ते अर्जात द्यायचे असतात. लोक सवयीने गावातल्या मोठ्या माणसाचं नाव देतात. तो माणूस वारलेला असतो, वारस चौघे असतात, त्यांतला एक डोंबिवलीला आणि एक घणसोलीला राहतो. नोटीस ज्याच्या नावाने निघाली तो हयात नाही आणि ज्यांना मिळायला हवी होती त्यांना मिळालीच नाही. मोजणी होऊन जाते, मग एक वारस उभा राहतो आणि ‘मला नोटीस नव्हती’ म्हणतो. त्याचं म्हणणं बरोबर असल्यामुळे सगळी मेहनत वादात सापडते. एका बाजूला वनजमीन असेल, एमआयडीसी किंवा सिडकोची जागा असेल, सार्वजनिक रस्ता असेल, तर त्या त्या कार्यालयाचा पत्ता द्यावा. आपल्या उदाहरणात रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे आधी विचारून घ्यावं.

पैसे भरल्यावर प्रकरणाला मोजणी रजिस्टर क्रमांक पडतो. कागदांवर तो ‘मो. र. नं.’ असा लिहिलेला असतो. पुढचा सगळा पाठपुरावा याच नंबरावर होतो. मोजणीची तारीख ठरली की अर्जदाराला आणि लगतच्या धारकांना साधारण 15 दिवस आधी नोटीस जाते. नोटीस मिळूनही शेजारी आला नाही तर मोजणी थांबत नाही. तरीही नोटिशीवर न विसंबता त्याला आपण स्वतः जाऊन सांगावं: ‘दादा, अमुक तारखेला मोजणी आहे, तुम्ही उभे राहा, तुमच्याकडचे जुने कागद असतील तर आणा.’ शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडलेला दगड टिकतो.

तारीख शक्यतो भात कापणीनंतरची मिळेल अशा बेताने अर्ज करावा. जुलै ते सप्टेंबर खाचरात पाणी असतं, उभ्या पिकातून चालता येत नाही आणि बांधावर कमरेएवढं गवत माजलेलं असतं. नियमित मोजणीचे 90 दिवस धरले तर ऑगस्ट-सप्टेंबरमधला अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोकळ्या शेतात नेऊन पोहोचवतो.

मोजणीचा दिवस

आदल्या दिवशी चारही बांधांवरचं गवत-झुडूप कोयत्याने साफ करून घ्यावं आणि जुने दगड शोधून मोकळे करावेत. हे दगड अर्धे मातीत गाडलेले असतात. सोबत दोन मजूर, चुना, लाकडी खुंट्या आणि सिमेंटचे खांब किंवा घडीव दगड तयार ठेवावेत. खुणा दाखवणं मोजणीदाराचं काम, त्या पक्क्या करणं आपलं.

मोजणीदार, म्हणजे भूकरमापक, आता बहुतेक ठिकाणी रोव्हर घेऊन येतो. काठीवर बसवलेलं हे यंत्र उपग्रहांकडून आणि राज्यात उभारलेल्या कायमस्वरूपी संदर्भ स्थानकांकडून संदेश घेऊन जागेचं स्थान काही सेंटीमीटरच्या अचूकतेने नोंदवतं. यंत्र अचूक आहे म्हणून हद्द आपोआप अचूक येते असा मात्र समज नको. रोव्हर आज शेतात काय आहे ते मोजतो: बांध, दगड, विहीर, रस्त्याची कड, नाला. हद्द येते जुन्या टिपणातून. हे दोन नकाशे एकमेकांवर बसवताना कोणत्या खुणा पक्क्या मानायच्या यावर सगळं अवलंबून असतं. एका दगडावर भरवसा ठेवला आणि तोच कोणीतरी पूर्वी हलवलेला निघाला तर सगळी आकृती सरकते. म्हणून अनुभवी मोजणीदार दोन-तीन पक्क्या खुणा तपासतो आणि त्यांच्यातली अंतरं टिपणाशी जुळतात का ते पाहतो. तिहद्द्याचा दगड, म्हणजे तीन नंबर जिथे मिळतात तो, यासाठी विशेष उपयोगी.

याचमुळे तो कधी तुमचं शेत सोडून दोन नंबर पलीकडे जाऊन मोजू लागतो. अर्जदार अस्वस्थ होतात, ‘साहेब, माझाच तुकडा मोजा’ म्हणून घाई करतात. तसं करू नये. जवळ पक्की खूण नसेल तर लांबून आणावी लागते, आणि अख्खा 62 नंबर मोजून आत हिस्सा 3 बसवला तर निकाल जास्त पक्का होतो. शंका असेल तर तिथेच विचारावं की कोणत्या खुणा धरल्या आणि त्यांच्यातलं अंतर टिपणाशी किती जुळलं. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला आणि शेजाऱ्याला दोघांनाही अधिकार आहे.

वहिवाट दाखवताना खरी वहिवाट दाखवावी. काही जण मोजणीदाराला आपल्या दाव्याच्या रेषेवरून चालवतात, मग नकाशावर वहिवाट आणि हद्द एकच दिसते आणि अतिक्रमण कागदावर उमटतच नाही. बांध आज जिथे आहे तिथूनच चालावं.

जागेवर उपस्थितांचे जबाब घेतले जातात आणि सह्या होतात. मोजणी पटली नाही म्हणून सही न करता निघून जाणं ही सर्वसाधारण प्रतिक्रिया, पण त्याने काहीच साधत नाही. सही करावी आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहावं की मोजणी मान्य नाही, आणि का: ‘उत्तर-पश्चिम कोपऱ्याचा दगड मूळ जागी नाही’ किंवा ‘अमुक वारसाला नोटीस नाही’. पुढे दाद मागताना या एका ओळीला फार महत्त्व येतं. शेजाऱ्याने रोव्हर अडवला, मोजणी होऊ दिली नाही, तर हाणामारी न करता मोजणीदाराला तशी नोंद करायला सांगावी आणि पुढची तारीख पोलीस बंदोबस्तात मागावी.

क प्रत हातात आल्यावर

मोजणीचा अंतिम नकाशा म्हणजे ‘क प्रत’. त्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द एका प्रकारच्या रेषेने आणि वहिवाट दुसऱ्या प्रकारच्या रेषेने दाखवलेली असते. कोणती कुठली हे बाजूच्या टिपेत असतं, ती आधी वाचावी. आपल्या उदाहरणात उत्तरेला एक निमुळता त्रिकोण, पश्चिमेला 2.4 मीटर रुंद, शेजाऱ्याच्या वहिवाटीत दिसेल, आणि पूर्वेला 3 मीटरची पट्टी रस्त्यात. पूर्वेचा मूळ कोपरा आता रस्त्यात असल्यामुळे तिथे खांब पुरता येत नाही. त्याच रेषेवर रस्त्याच्या कडेला खांब पुरून कोपऱ्यापासूनचं अंतर लिहून ठेवावं. चुन्याच्या खुणा पहिल्या पावसात जातात, म्हणून खांब त्याच दिवशी पुरावेत, निदान दीड-दोन फूट खोल. 65 मीटर लांब रेषेला दोन टोकांना दोनच खांब पुरत नाहीत, मध्ये आणखी दोन लागतात, नाहीतर पाच वर्षांत बांधाचा पुन्हा पोटफुगा होतो. या खुणा जपणं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 140 प्रमाणे जमीनधारकाचीच जबाबदारी आहे आणि त्या उपटणं कलम 145 प्रमाणे दंडनीय आहे.

निकाल मान्य नसेल तर फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. ती मूळ मोजणीदाराकडून न होता उप अधीक्षकांच्या पातळीवर होते, आणि तिच्यावरची मोजणी जिल्हा अधीक्षकांच्या पातळीवर. तिची फी मूळ मोजणीपेक्षा जास्त असते. नुसतं ‘चुकीची वाटते’ म्हणून तिकडे जाण्यात अर्थ नाही. कोणती खूण चुकीची धरली हे दाखवता आलं तरच जावं. जबाबावर लिहिलेली ती ओळ इथे कामी येते.

आणि मोजणी दोघांनाही मान्य असेल तर काम मे महिन्यातच उरकावं, पेरणीच्या आत. नवा बांध खांबांच्या रेषेत घालायचा आणि दोघांनी एका साध्या कागदावर ‘क प्रतीप्रमाणे बांध घातला, मो. र. नं. अमुक’ असं लिहून सह्या करायच्या. रेषा मुळात होती तिथेच आली असल्याने इथे जमिनीचं हस्तांतर होत नाही. काही ठिकाणी मात्र दोघं मिळून ठरवतात की बांध आहे तिथेच राहू दे, त्या पाऊण गुंठ्याचे पैसे दे. हा व्यवहार स्टॅम्पपेपरवर लिहून पक्का होत नाही. ती जमिनीची विक्री आहे, तिला नोंदणीकृत दस्त लागतो आणि एवढ्या लहान तुकड्याला तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो.

शेजारी जागा सोडत नसेल तर क प्रत हा पुरावा घेऊन पुढे जायचं असतं. संहितेच्या याच प्रकरणात कलम 138 आहे. संहितेप्रमाणे हद्द रीतसर निश्चित झाली असेल तर चुकीने ताब्यात असलेल्याला काढून टाकण्याचा अधिकार या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. साधी हद्द कायम मोजणी आणि असा रीतसर निर्णय यांत फरक आहे, त्यामुळे त्या मार्गाने जायचं असेल तर आधी महसुली कामं करणाऱ्या वकिलाला क प्रत दाखवावी. बहुतेक प्रकरणं मात्र दिवाणी न्यायालयात जातात आणि तिथे न्यायालय गरज वाटल्यास भूमी अभिलेख अधिकाऱ्यालाच कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणी करून घेतं. तिथे शेजाऱ्याचा पहिला बचाव हा असतो की बांध बारा वर्षांहून जास्त काळ इथेच आहे आणि आम्ही उघडपणे कसत आलो. म्हणून जुने फोटो, आधीच्या मोजणीची क प्रत, बांधावरून झालेला पत्रव्यवहार असं जे काही असेल ते जपून ठेवावं, आणि वाद लक्षात आल्यावर मोजणी पुढच्या हंगामावर ढकलत राहू नये.

रस्त्यात गेलेल्या सव्वा गुंठ्याचं प्रकरण शेजाऱ्याशी संबंधित नाही. जमीन रीतसर संपादित झाली असेल तर सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी व्हायला हवं होतं आणि मोबदल्याची नोंद असायला हवी होती. झाली नसेल तर रस्त्याच्या मालक विभागाकडे क प्रत जोडून वेगळा अर्ज द्यावा लागतो.